रेफरल मागताना मेसेजमध्ये काय लिहायचं: जॉब कोड आणि जुळणाऱ्या दोन गोष्टी

आमच्याकडे जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, धुळे इथून मुलं-मुली बायोडाटा करायला येतात. नोकरी बहुतेकांना चाकण, हिंजवडी, नाहीतर नाशिकच्या सातपूर-अंबडला हवी असते. तिथे कुणी ना कुणी ओळखीचं निघतंच. मामाच्या गावचा असतो, डिप्लोमाला दोन वर्षं पुढे असलेला असतो, कधी बहिणीचा दीर असतो. त्याला मेसेज मात्र असा जातो: "दादा, तुमच्या कंपनीत काही जागा असली तर सांगा." दादा "बघतो" म्हणतो आणि विषय तिथेच थांबतो.

दादाला मदत करायची नसते असं नाही. या मेसेजवर त्याला करता येण्यासारखं काही नसतं. रेफरल म्हणजे तोंडी शब्द टाकणं, असं आपल्याकडे अजून समजतात. मोठ्या कंपन्यांत तो कंपनीच्या आतल्या पोर्टलवर भरायचा फॉर्म असतो. त्यात बहुधा उमेदवाराचं नाव, ईमेल, मोबाईल, बायोडाटा आणि कोणत्या जागेसाठी याचा कोड लागतो. खाली एक छोटी चौकट असते: उमेदवाराला कसं ओळखता, तो या जागेला योग्य का. तुमच्या मेसेजवरून हा फॉर्म त्याला जेवणाच्या सुट्टीत भरता आला पाहिजे. कोड आणि दोन जुळणाऱ्या गोष्टी आम्ही मागतो त्या यासाठीच.

कोड कुठून घ्यायचा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. नोकरीच्या साइटवर किंवा लिंक्डइनवर जाहिरात उघडली की लिंकच्या शेवटी लांबलचक आकडा दिसतो. मुलं तोच पाठवतात. तो त्या साइटचा स्वतःचा आकडा असतो, कंपनीच्या पोर्टलवर तो टाकला तर काहीच सापडत नाही. म्हणून कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर `Careers` पानावर जा आणि तीच जागा तिथे शोधा. पदाच्या नावाजवळ किंवा जाहिरातीच्या तळाशी `Job ID`, `Req ID` किंवा `Requisition Number` असं लिहिलेलं असतं. तो कोड अक्षरं आणि डॅशसकट जसाच्या तसा कॉपी करा, हाताने टाइप करू नका.

एकाच पदाच्या दोन-तीन जाहिराती दिसल्या तर गाव आणि अनुभवाची अट वाचून आपली कोणती ते ठरवा. चाकणच्या प्लांटचा कोड वेगळा आणि दुसऱ्या शहरातला वेगळा असू शकतो. मेसेज पाठवायच्या दिवशी पान पुन्हा उघडून जागा अजून चालू आहे ना, तेही पाहा.

आणखी एक महत्त्वाचं: आधी स्वतः अर्ज भरून मग रेफरल मागू नका. तुमचा ईमेल सिस्टीममध्ये आधीच असेल तर बऱ्याच कंपन्यांत रेफरल धरला जात नाही. अर्ज झाला असेलच तर मेसेजमध्ये तसं स्पष्ट लिहा, म्हणजे दादा आधी एचआरला विचारून घेईल.

दोन गोष्टी कशा निवडायच्या

भुसावळचा एक मुलगा आला होता (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत). मेकॅनिकल डिप्लोमा, जळगाव एमआयडीसीतल्या प्लास्टिक पाइप-फिटिंगच्या कारखान्यात तीन वर्षं क्वालिटीला. चाकणला गाड्यांचे प्लास्टिक पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी इंजिनीअरची जागा होती. त्याने कच्च्या मेसेजमध्ये नऊ गोष्टी लिहून आणल्या होत्या. मेहनती, टीममध्ये काम करतो, एक्सेल येतं, पाइपची आयएस ४९८५ प्रमाणे तपासणी केली आहे, असं सगळं.

आम्ही जाहिरातीची प्रिंट काढून टेबलावर ठेवली आणि पेनने खुणा केल्या. चार अटी होत्या: इंजेक्शन मोल्डिंगमधले दोष ओळखता येणं, ग्राहकाच्या तक्रारीवर ८डी रिपोर्ट लिहिणं, पीपीएपीची कागदपत्रं आणि शिफ्टमध्ये काम. मग प्रत्येक अटीसमोर त्याला एकच प्रश्न विचारला: हे तू स्वतः कधी केलंस, सांग.

पीपीएपी त्याने केलं नव्हतं, म्हणून ते सोडलं. शिफ्टला सगळेच हो म्हणतात, त्याने काही ठरत नाही. आयएस ४९८५ चा त्याला अभिमान होता आणि तो रास्तच आहे, पण ते मानक पिण्याच्या पाण्याच्या पीव्हीसी पाइपचं. गाडीचे पार्ट बनवणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. ते बायोडाटात ठेवलं, मेसेजमधून काढलं. राहिल्या दोन गोष्टी, आणि दोन्हींत त्याच्याकडे सांगण्यासारखं काम होतं. शेवटी मेसेज असा झाला:

"नमस्कार दादा, मी भुसावळहून लिहितोय. तुमचा नंबर बापूंनी दिला, त्यांनी तुम्हाला फोनही केला आहे. तुमच्या कंपनीत चाकणला क्वालिटी इंजिनीअरची जागा निघाली आहे, कोड `QE-1147`. मी अजून अर्ज केलेला नाही. जाहिरातीतल्या दोन गोष्टी माझ्या कामाशी जुळतात. १) इंजेक्शन मोल्डिंग: ३ वर्षं फिटिंगच्या लाइनवर तपासणी करतो, शॉर्ट शॉट, फ्लॅश, सिंक मार्क हे रोजचं काम. २) ८डी: ग्राहकांच्या ४ तक्रारींचे रिपोर्ट मी स्वतः लिहिले. एल्बोवर फ्लॅश येत होता, त्यात साच्याची पार्टिंग लाइन झिजल्याचं शोधून काढलं. बायोडाटा पीडीएफमध्ये जोडला आहे, ईमेल आणि मोबाईल त्यातच आहे. तुम्हाला योग्य वाटलं तरच रेफर करा, अडचण असेल तर मोकळेपणाने सांगा."

(कोड नमुन्याचा आहे, तुमच्या जाहिरातीतला घाला.)

एल्बोचं ते एक वाक्य आम्ही मुद्दाम ठेवलं. दादा तेच फॉर्मच्या चौकटीत उतरवू शकतो, आणि मुलाखतीत कुणी त्यावर खोदून विचारलं तर मुलाला दहा मिनिटं बोलता येतं. जे केलं नाही ते लिहू नका. फॉर्मवर दादाचं नाव असतं, आणि उद्या त्याच एचआरसमोर त्याला उभं राहायचं असतं.

वडिलांनी फोन करावा का

जरूर करावा. आपल्याकडे मोठ्या माणसाच्या फोनने दार उघडतं. पण फोनवर "आमच्या पोराचं बघा" एवढंच म्हणावं, कोड आणि कामाचं मुलाने किंवा मुलीने त्याच दिवशी स्वतः लिहून पाठवावं. दादाची ओळख फक्त लिंक्डइनची असेल तर विनंतीसोबतच्या चिठ्ठीत मोजकीच अक्षरं मावतात. तिथे ओळख, कोड आणि जुळणारी एकच गोष्ट लिहा, बाकीचं विनंती स्वीकारल्यावर पाठवा.

पाठवल्यानंतर

दादाने फॉर्म भरला की अनेक कंपन्यांतून तुमच्या ईमेलवर लिंक येते. तिच्यातून अर्ज पूर्ण केल्याशिवाय रेफरल पुढे जात नाही. ही मेल स्पॅममध्ये पडून राहिलेली आम्ही बऱ्याचदा पाहिली आहे, म्हणून आठवडाभर रोज स्पॅम उघडून पाहा. आठवड्याने एकदा नम्रपणे आठवण करा, पुन्हा पुन्हा नको.

रेफरलसाठी उमेदवाराने पैसे द्यायचे नसतात. उमेदवार रुजू होऊन ठरावीक काळ टिकला तर कर्मचाऱ्याला कंपनीच बक्षीस देते, ही पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. कुणी "कोड लावून देतो" म्हणत तुमच्याकडे पैसे मागितले तर देऊ नका, आणि आम्हाला येऊन सांगा.

मेसेज आमच्याकडून बघून घ्यायचा असेल तर कंपनीच्या पानावरून काढलेली जाहिरातीची प्रिंट आणि बायोडाटा, दोन्ही सोबत आणा. जाहिरात समोर नसेल तर कोणत्या दोन गोष्टी निवडायच्या ते आम्हालाही सांगता येत नाही.