फायली परत आल्या, पण मराठी आलं नाही

सांगलीला माझी मावसबहीण घरातूनच डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं आणि सप्टेंबर लागला की एकदोन छोट्या दिवाळी अंकांची पानं. दोन वर्षांपूर्वी ऐन सप्टेंबरात तिच्या लॅपटॉपमधली एसएसडी गेली. आदल्या रात्री चालत होती, सकाळी बायोसला दिसेचना. ताई मात्र निवांत होती, कारण तिची सगळी कामं बाहेरच्या हार्डडिस्कवर दर तासाला कॉपी होत होती. दुपारपर्यंत नवी एसएसडी बसली, विंडोज घातलं, फायली परत आणल्या. कोरलड्रॉ टाकून तिने पहिली पत्रिका उघडली, तर गणपतीच्या चित्राखाली ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं:

```
'kqHkfookg
```

हा ‘शुभविवाह’ आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांमध्ये मराठी अक्षरं युनिकोडमध्ये साठवलेली नसतात. फाइलमध्ये साधी इंग्रजी अक्षरंच असतात आणि फॉन्ट त्या प्रत्येकाच्या जागी मराठी आकार काढतो: g ला ह, o ला व, आणि भ साठी H व k अशा दोन कळा. फॉन्ट नसेल तर मराठी नाही. फाइल मात्र शंभर टक्के शाबूत.

फॉन्ट फाइलच्या आत नव्हते, ते होते C:\Windows\Fonts मध्ये. त्या फोल्डरची कॉपी कधी झालीच नव्हती, कारण ते ‘तिचं काम’ नव्हतं. मग एकेक गळती दिसायला लागली. कोरलची जी जुनी आवृत्ती तिला हवी होती तिची सीडी सापडेना. लिपीच्या सॉफ्टवेअरची डोंगल होती, पण तिचा ड्रायव्हर कुठून आणायचा ते आठवेना. प्रिंटरचे रंग तिने दोन वर्षं घासून जुळवले होते, ती सेटिंग्ज गेली. फायली चार तासांत आल्या, कामाला लागायला चार दिवस गेले.

फाइल बॅकअप आणि डिस्क इमेज यांतला फरक या चार दिवसांत आहे.

फाइल बॅकअप घेणारा प्रोग्रॅम विंडोजच्या फाइल सिस्टिमला विचारतो, ‘या फोल्डरात काय काय आहे आणि गेल्या वेळेपासून काय बदललं?’ उत्तर येईल तेवढ्याच फायली तो उचलतो. इमेज घेणारा प्रोग्रॅम फायलींची नावं विचारत बसत नाही. तो डिस्कवरचे तुकडे जागच्या जागी वाचतो. विंडोजच्या नेहमीच्या फाइल सिस्टिममध्ये, म्हणजे एनटीएफएसमध्ये, हा तुकडा साधारण ४ केबीचा असतो. कोणते तुकडे वापरात आहेत याचा नकाशा फाइल सिस्टिमकडे असतोच. तो पाहून रिकामे तुकडे वगळायचे आणि बाकीचे क्रमाने उतरवायचे. म्हणून ५१२ जीबीच्या डिस्कवर १९० जीबी भरलेलं असेल, तर इमेजही फार तर तेवढीच होते, आकसून घेतली तर आणखी लहान.

ताईला मी हे छापखान्याच्या भाषेत सांगितलं. तिचे वडील खिळे जुळवायचे. फाइल बॅकअप म्हणजे हस्तलिखित जपून ठेवणं. इमेज म्हणजे जुळवलेला अख्खा फर्मा, खिळ्यांसकट, मधल्या पट्ट्यांसकट, आवळून बांधलेला, तसाच उचलून ठेवणं. हस्तलिखित कुठल्याही छापखान्यात नेता येतं, पण तिथे पुन्हा जुळणी आली. फर्मा यंत्रावर ठेवला की छपाई सुरू, फक्त यंत्र त्या मापाचं हवं.

फर्म्यात काय असतं हे बघायचं तर विंडोजचं Disk Management उघडा. आपण ज्याला ‘सी ड्राइव्ह’ म्हणतो तो एकटा नसतो. त्याच्या आधी बहुधा १०० एमबीच्या आसपासचं एक EFI System Partition असतं आणि शेवटी काहीशे एमबीचं Recovery Partition. लॅपटॉप चालू केल्यावर पहिल्यांदा वाचलं जातं ते हे चिमुकलं ईएफआय पार्टिशन. ते नसेल तर सी ड्राइव्ह जसाच्या तसा असूनही लॅपटॉप सुरू होत नाही. म्हणून नुसत्या ‘सी’ची इमेज अर्धवट समजावी.

यासाठी वेगळं काही विकत घ्यायला नको. Control Panel मध्ये Backup and Restore (Windows 7) नावाचा जुना कोपरा अजून आहे, त्यात Create a system image. मायक्रोसॉफ्टने २०१७ पासून त्याचा विकास थांबवला असला तरी साध्या लॅपटॉपवर तो काम करतो. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून हेच एका ओळीत होतं. इथे E: म्हणजे बाहेरची हार्डडिस्क, आणि ती एनटीएफएस फॉरमॅटची हवी:

```
wbadmin start backup -backupTarget:E: -include:C: -allCritical -quiet
```

यातलं -allCritical महत्त्वाचं, कारण सुरू होण्यासाठी लागणारी बाकीची पार्टिशनं त्यामुळेच आत येतात. लॅपटॉप चालू असतानाच हे होतं. विंडोज त्या क्षणाचं एक गोठवलेलं चित्र धरून ठेवतं आणि कॉपी त्या चित्राची होते, त्यामुळे मधेच तुम्ही पत्रिकेत नाव बदललंत तरी इमेज गोंधळत नाही. हार्डडिस्कवर WindowsImageBackup नावाचं फोल्डर तयार होतं. त्याचं नाव बदलू नका आणि ते दुसऱ्या फोल्डरात ढकलू नका, नाहीतर परत बसवताना विंडोजला ते सापडत नाही. सोबत Create a recovery drive वापरून एक पेनड्राइव्हही करून ठेवावा लागतो, कारण डिस्क मेली की विंडोजच नसतं, मग इमेज बसवणार कोण?

ताईने अशी पहिली इमेज घेतली ती सगळं पुन्हा जुळवून झाल्यावर, दिवाळीनंतर. मग तिचा प्रश्न आला, ‘इमेजमध्ये सगळंच आलं तर दर तासाची कॉपी आता बंद करू का?’

उत्तर पुढच्या मार्चमध्ये मिळालं. एका पत्रिकेची फाइल उघडून तिने तीत दुसऱ्या घरची नावं घातली आणि Save As ऐवजी Save दाबलं. पहिल्या घरची पत्रिका गेली. इमेज नोव्हेंबरची, आणि ती पत्रिका तर मार्चचीच. File History मध्ये मात्र त्याच फाइलची सकाळची प्रत होती. विंडोज ८ पासून आलेली ही सोय, एकदा चालू केली की, बदललेल्या फायलींची दर तासाला नवी प्रत ठेवते आणि जुन्या प्रती टाकून देत नाही. फाइलवर राइट क्लिक, Restore previous versions, दोन मिनिटांचं काम.

इमेजमधूनही एखादी फाइल बाहेर काढता येते, ते अशक्य नाही. पण इमेज घ्यायला वेळ आणि जागा लागते, म्हणून ती कोणी दर तासाला घेत नाही. आणि आपल्या हातून होणाऱ्या चुका, चुकून पुसणं, चुकून वर लिहिणं, या बहुतेक गेल्या काही तासांतल्या फायलींच्या असतात. शिवाय फाइल बॅकअप शेजाऱ्याच्या लॅपटॉपला जोडला तरी उघडतो.

इमेज परत बसवताना लोक हमखास अडकतात ते मापावर. विंडोजची ही सोय जुन्या डिस्कपेक्षा लहान डिस्कवर इमेज बसवायला नकार देते, आत भरलेला मजकूर कितीही कमी असला तरी. ५१२ जीबीची एसएसडी गेली आणि दुकानदाराने ‘तेवढीच आहे हो’ म्हणत ४८० ची दिली, तर १९० जीबीच्या इमेजलाही दार बंद. विकत घेताना आकडा बघा.

दुसरी अडचण बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप घालणाऱ्या विंडोजच्या सोयीची. नव्या लॅपटॉपांत डिस्क बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद असते. चालू विंडोजमधून घेतलेली इमेज मात्र उघडी असते, कारण वाचतानाच कुलूप निघालेलं असतं. म्हणजे तुमचा लॅपटॉप चोराला निरुपयोगी, पण कपाटातली हार्डडिस्क त्याला सगळं सांगेल. ती डिस्क वेगळी कुलूपबंद करायची, आणि इमेज परत बसवल्यावर लॅपटॉपवर बिटलॉकर पुन्हा चालू करायचं. दोन्हींच्या ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर, आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत नाही.

तिसरी फसवी आहे. वनड्राइव्हमधल्या ज्या फायलींवर ढगाचं चिन्ह दिसतं, त्या तुमच्या डिस्कवर नसतातच, असते फक्त नावाची पाटी. इमेजमध्ये ती पाटीच येते. एखादं खातं बंद पडलं, तर इमेजमधून त्या फायली परत येणार नाहीत.

मग कोणाला इमेज हवी? माझ्या मते लोक समजतात त्यापेक्षा पुष्कळ कमी जणांना. ज्यांचं सगळं काम ब्राउझर, वर्ड आणि फोटो एवढ्यात भागतं, त्यांचं विंडोज ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून पुन्हा घालता येतं, लॅपटॉपसोबत आलेला परवाना मदरबोर्डमध्येच असतो आणि एका संध्याकाळीत गाडी रुळावर येते. त्यांना फाइल बॅकअप पुरे. मॅकवाल्यांनी तर इमेजचा विषय जवळजवळ सोडूनच द्यावा. २०२० च्या बिग सर पासून मॅकची मूळ सिस्टिम वेगळ्या सीलबंद भागात असते आणि ती ॲपलकडून पुन्हा उतरवता येते. टाइम मशीन त्यांच्या फायली, ॲप्स आणि सेटिंग्ज सांभाळतं.

इमेज लागते ती ताईसारख्यांना, ज्यांच्याकडे पुन्हा मिळणार नाही असं जुळवलेलं काहीतरी आहे: बंद झालेलं सॉफ्टवेअर, डोंगल, जुने फॉन्ट, कोणीतरी येऊन बसवून दिलेली यंत्राची सेटिंग. बाकीच्यांना ती प्रसंगापुरती लागते. एसएसडी बदलण्याआधी, विंडोजची मोठी आवृत्ती चढवण्याआधी, लॅपटॉप दुरुस्तीला टाकण्याआधी.

एकाच प्रसंगी क्रम उलटा करायचा. डिस्क कुरकुरायला लागली असेल, फायली उघडताना अडकत असेल, तर इमेजच्या मागे लागू नका. इमेज म्हणजे भरलेली सगळी डिस्क एका दमात वाचणं, आणि आजारी डिस्क त्यातच मान टाकू शकते. आधी ज्या फायली पुन्हा मिळणार नाहीत तेवढ्या हाताने बाहेर काढा, मग जमली तर इमेज.

ताई आता वर्षातून दोनदा इमेज घेते, एकदा ऑगस्टमध्ये दिवाळी अंकांची कामं यायच्या आधी आणि एकदा नवा फॉन्ट किंवा प्रिंटर आला की. घेतल्यावर ती पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करते, Troubleshoot मधून System Image Recovery पर्यंत जाते, पडद्यावर इमेजची आजची तारीख दिसते का बघते आणि Cancel दाबते. गेल्या ऑगस्टमध्ये तिथे तारीख दिसलीच नाही. भाच्याने हार्डडिस्क ‘नीट लावून’ देताना ते फोल्डर ‘Backup’ नावाच्या फोल्डरात टाकलं होतं.