‘घरांत’ म्हणजे एका घरात की अनेक?

बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या जुन्या घरांमध्ये माळ्यावर अजून शंभर वर्षांपूर्वीची मराठी पुस्तकं निघतात. ती टाइप करायला बसलं की हात पहिल्यांदा अडतो तो ‘घरांत’ या शब्दापाशी. हे टिंब जुन्या लेखनाचं, की अनेकवचनाचं?

आज ‘घरात’ म्हणजे एका घरात आणि ‘घरांत’ म्हणजे अनेक घरांत. १९६२च्या मराठी लेखननियमांआधी मात्र दोन्ही अर्थांनी ‘घरांत’च छापत. एकवचनातलं टिंब नाकातल्या जुन्या उच्चाराची खूण होतं, अनेकवचनातलं संख्येची. दिसायला दोन्ही एकच.

समजा, पानावर ‘त्यानें गांवांत घर बांधलें’ आणि पुढे ‘पांच गांवांत पटकी आली’ असं आहे. आजच्या लेखनात पहिलं ‘गावात’ होईल. दुसऱ्यातलं ‘वां’वरचं टिंब राहायलाच हवं, कारण गावं पाच आहेत. सरसकट टिंबं पुसणाऱ्याच्या हातून ‘पाच गावात’ होतं आणि ती नवी चूक ठरते. ‘बांधलें’मधलं पहिलं टिंब तर आजही स्पष्ट उच्चारलं जातं, त्याला हात लावायचा नाही. हा घोळ सप्तमीपुरताच आहे. ‘गांवास’ आणि ‘गांवांस’ यांत, किंवा ‘पेटींत’ आणि ‘पेट्यांत’ यांत, वचन लगेच कळतं.

‘तें’ आणि ‘ते’ यांचं उलट आहे. ‘तें गेलें’ म्हणजे एखादं मूल, ‘ते गेले’ म्हणजे पुरुषमंडळी. आज दोन्ही ‘ते गेले’, म्हणजे टिंब काढलं की लिंग आणि वचन दोन्ही हरवतात. म्हणूनच मला ते जपावंसं वाटतं. आपल्या भागात याला आणखी एक पदर आहे. कोकणी बोलणाऱ्याच्या तोंडी ‘तें’ अजून नाकातून येतं, त्याला हा फरक कानानेच कळतो. कन्नड शाळेत शिकलेलं मूल मात्र ‘नांव’ वाचताना टिंब ठासून उच्चारतं, कारण कन्नडात अनुस्वार मुका नसतोच.

मग छापील चूक कशी ओळखायची? एकाच पुस्तकात दहा ठिकाणी ‘तें गांव’ आणि अकराव्या ठिकाणी ‘ते गांव’ असेल, तर बहुधा शिशाच्या खिळ्यावरचं टिंब झिजलेलं असतं किंवा शाई नीट लागलेली नसते. तिथे भिंगाने पाहावं. पुसट ठिपका दिसला तर टिंब द्यावं. काहीच दिसलं नाही तर ‘ते’च ठेवून शंका समासात लिहावी.

‘ल’ आणि ‘श’ यांच्या मराठी वळणाची काळजी मात्र टाइप करताना नको. ते वळण फॉन्ट देतो, अक्षर तेच राहतं.