वॉर्म स्टँडबाय की बॅकअप? वाद टेपांच्या ट्रकपासून चालत आलाय

डिझास्टर रिकव्हरीची मीटिंग असली की हल्ली दोन आकडे विचारतात, आरपीओ किती आणि आरटीओ किती. गोष्ट सरळ आहे. दुर्घटना झाली त्या क्षणापासून मागे बघायचं, किती वेळाचा डेटा गेला तरी धंदा तरून जाईल, तो आरपीओ. आणि त्याच क्षणापासून पुढे बघायचं, किती वेळ बंद राहिलं तरी चालेल, तो आरटीओ. पण हे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत हे लोक पुन्हापुन्हा विसरतात, वॉर्म स्टँडबाय, म्हणजे डेटा सतत जुळवत ठेवलेली दुसरी मशीन, असली की बॅकअप नको असं धरून चालतात, आणि त्याला जुना इतिहास आहे.

मेनफ्रेमच्या काळात रात्रीची बॅच संपली की डेटा टेपवर उतरवायचे आणि टेपा गाडीत घालून दुसऱ्या इमारतीत नेऊन ठेवायचे. म्हणजे दुपारी आग लागली तर सकाळपासूनचं काम गेलंच, आणि टेप हातात असूनही ती चालवायला मशीन कुठून आणणार, नवीन मेनफ्रेम काय दुकानात जाऊन उचलून आणता येत नव्हती. 1978 साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला सन ऑइलच्या कॉम्प्युटर विभागातून निघालेल्या कंपनीने, म्हणजे पुढच्या सनगार्डने, तयार मशीनं भाड्याने देणारी हॉट साइट चालू केली. वर्गणी भरा आणि संकट आलं की टेपा घेऊन इकडे या. यात बंद राहायचा वेळ कमी झाला पण टेप कालचीच, त्यामुळे गेलेला डेटा तेवढाच. आरटीओ सुधारला, आरपीओ जागच्या जागी.

1992 मध्ये आयबीएम वापरणाऱ्यांच्या शेअर नावाच्या संघटनेने आयबीएमसोबत या सगळ्या पद्धतींच्या पायऱ्या मांडल्या. शून्याला काहीच नाही, पहिलीला टेपा ट्रकमधून बाहेर, दुसरीला ट्रक अधिक हॉट साइट, आणि वर जाता जाता सहावीला जवळपास शून्य डेटा जाणारी, सतत जुळवलेली दुसरी प्रत. (ट्रकवाल्या पद्धतीला त्या लोकांनी गंमतीने पिकअप ट्रक अ‍ॅक्सेस मेथड असं नाव दिलेलं, अगदी आयबीएमच्या खऱ्या टेक्निकल नावांसारखं.) तक्ता छानच होता पण माझ्या मते एक गैरसमज तिथूनच पसरला. पायऱ्या म्हटलं की वाटतं वरच्या पायरीवर पोचलो की खालची सुटली. लाइव्ह प्रत आहे ना, मग टेपेची काय गरज?

ही वरची पायरी छोट्या कंपन्यांच्या खिशाला परवडायला लागली ती ओपन सोर्स डेटाबेसमुळे. पोस्टग्रेस नावाच्या अशाच डेटाबेसमध्ये डेटात होणारा प्रत्येक बदल आधी वॅल नावाच्या लॉगमध्ये लिहिला जातो. 2005 च्या 8.0 मध्ये हा लॉग साठवून, जुन्या बॅकअपवर तो चढवत हव्या त्या क्षणापर्यंत डेटाबेस आणता यायला लागला. 2006 च्या शेवटी आलेल्या 8.2 मध्ये तोच लॉग दुसऱ्या मशीनवर सतत चढवत ठेवायची सोय झाली, म्हणजे वॉर्म स्टँडबाय. यात एक गोम होती, लॉगची फाइल 16 एमबीची आणि ती भरल्यावरच पुढे जायची. दिवसा धडाधड भरणार, पण पहाटे ट्रॅफिक नसताना एक फाइल भरायला तास-दोन तास लागले तर तेवढ्याचा डेटा धोक्यात, म्हणून `archive_timeout` लावून ठराविक वेळाने फाइल जबरदस्तीने बदलायला लावायचे. 2010 च्या 9.0 मध्ये स्ट्रीमिंग आलं आणि फाइल भरायची वाट बघणं संपलं, आरपीओ सेकंदांवर आला. एवढं स्वस्तात मिळाल्यावर बॅकअपकडे कोण कशाला बघतोय!

आता 31 जानेवारी 2017. गिटलॅब या प्रोग्रामर लोकांचा कोड ठेवणाऱ्या साइटकडे एक प्रायमरी, म्हणजे मुख्य डेटाबेसचं मशीन, आणि एक स्टँडबाय, पोस्टग्रेस 9.6, डेटा साधारण 300 जीबी. त्या संध्याकाळी लोड वाढला, स्टँडबाय मागे पडला आणि त्याला हवे असलेले लॉग प्रायमरीने तोवर पुसून टाकलेले. लॉग वेगळे साठवतही नव्हते, त्यामुळे प्रत पहिल्यापासून नव्याने घेणं आलं. त्यासाठीचं `pg_basebackup` चालवलं तर ते काहीच न बोलता नुसतं थांबून राहायचं. इंजिनियरला वाटलं स्टँडबायवरचं डेटा फोल्डर नीट रिकामं नाहीये म्हणून असं होतंय, त्याने ते उडवलं, आणि एक-दोन सेकंदात लक्षात आलं की आपण प्रायमरीवर आहोत. थांबवेपर्यंत 300 पैकी साडेचार जीबी उरलं होतं. स्टँडबाय तर आधीच रिकामा.

मग बॅकअपची शोधाशोध. रोज `pg_dump` ने बॅकअप निघून अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री स्टोरेजमधल्या बकेटवर जातोय असं सगळे धरून चालले होते, पण ते ज्या मशीनवरून चालायचं तिथे 9.2 चं टूल उचललं जात होतं, 9.6 च्या डेटाबेसपुढे ते एरर देऊन बंद पडायचं, आणि एररच्या मेल, पाठवणारा खरा आहे का हे तपासणाऱ्या डीमार्कच्या नियमांमुळे, पलीकडचा सर्व्हर नाकारत होता. त्यामुळे महत्त्वाच्या वेळी बकेट रिकामी. मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडचे डिस्क स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची प्रत, डेटाबेसच्या मशीनांना लावलेलेच नव्हते. शेवटी तारलं कशाने, तर त्याच इंजिनियरने सहा तास आधी, 17:20 यूटीसीला, स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, टेस्टिंगसाठी स्वतःहून घेतलेल्या एलव्हीएम स्नॅपशॉटने. रोजचा ठरलेला स्नॅपशॉट 24 तासांतून एकदाच व्हायचा, म्हणजे हा नसता तर जवळपास आख्खा दिवस गेला असता.

इथे आरटीओचा हिशोब बघण्यासारखा आहे. स्टेजिंगच्या डिस्क हळू होत्या, कॉपी 60 मेगाबिट प्रति सेकंदाच्या आसपास अडकत होती, म्हणजे सेकंदाला साडेसात एमबी. 300 जीबीला भागा, कागदावरच अकरा तास येतात, त्यात शोधाशोध, निर्णय, तपासणी धरा. साइट परत उघडली ती 1 फेब्रुवारीला 18:00 यूटीसीच्या सुमारास. म्हणून बॅकअपवरून उभं राहायचं असेल तर आरटीओ पॉलिसीत लिहून ठरत नाही, डेटाचा आकार भागिले सगळ्यात हळू डिस्क किंवा लाइन, अधिक माणसांचा वेळ, असा तो निघतो. चार तास परवडत असतील आणि रिस्टोअर करून बघितल्यावर तीन लागत असतील तर वॉर्म स्टँडबायचं भाडं कशाला भरायचं? उलट तो आकडा बारावर जात असेल तर स्टँडबायशिवाय गत्यंतर नाही.

माणसांचा वेळ का म्हणतोय त्याचं उदाहरण मुंबईतच आहे. 24 फेब्रुवारी 2021 ला एनएसई सकाळी 11:40 ला थांबलं, दुसऱ्या शहरात डिझास्टर रिकव्हरीची साइट असूनही तिकडे न वळता दुपारी पावणेचारला परत उघडलं. त्यानंतर महिन्याभरात सेबीचे नवे नियम आले, त्यात बिघाड झाल्यावर 30 मिनिटांत डिझास्टर जाहीर करायचं आणि तिथून 45 मिनिटांत काम चालू करायचं. ठरवायलाच वेळ जातो हे त्या 30 मिनिटांत आलं.

स्टँडबाय मात्र मशीन मेल्यावर कामाचा. कोणी `DELETE` ला `WHERE` लावायला विसरला तर ती चूक सेकंदात तिकडेही इमानेइतबारे पोचते, आरपीओ जितका चांगला तितकी लवकर. त्यावर पोस्टग्रेसमध्ये 2014 च्या 9.4 पासून मधला एक मार्ग आहे, मुद्दाम मागे ठेवलेला स्टँडबाय:

```
recovery_min_apply_delay = '8h'
```

गिटलॅबने नंतर लॉग वेगळे साठवायला सुरुवात केली आणि असा आठ तास मागे असणारा रेप्लिकाही ठेवला. चूक लवकर कळली तर लॉग चढवणं थांबवायचं, चुकीच्या जरा आधीपर्यंत पुढे न्यायचं आणि हवा तेवढा डेटा काढून घ्यायचा, 300 जीबी कुठून ओढत आणायला नको. आठ तासांत कोणाच्या लक्षातच आलं नाही तर मात्र हाही गेला, मग जुना बॅकअपच, आणि तो एकदा तरी रिस्टोअर करून बघितलेला असला तरच.