‘ऊट आय्ता?’ च्या पुढे काय बोलायचं

आपल्या बेळगाव भागात कन्नड कानावर पडलं नाही असा दिवस जात नाही, तरी आपल्यातले बरेच जण ते बोलायला घाबरतात, कारण बाजारात जरा अडखळलं की समोरचा दुकानदार लगेच मराठीवर येतो आणि विषय तिथंच संपतो. ऑनलाइन लँग्वेज पार्टनर, म्हणजे कॉलवर अर्धा वेळ त्याची आणि अर्धा वेळ आपली भाषा बोलणारा जोडीदार, शोधला तरी पहिल्या कॉलवर हेच होतं, फक्त तिथं मराठीऐवजी इंग्लिश येतं. असं का होतं याचं उत्तर सेकंदाच्या काही भागात आहे.

2009 मध्ये नेदरलँड्समधल्या मॅक्स प्लांक इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी जगातल्या 10 भाषांमधल्या गप्पा मोजल्या. एकाचा प्रश्न संपल्यावर दुसऱ्याचं उत्तर सुरू व्हायला सरासरी साधारण 200 मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. आणि डोक्यातून एक शब्द शोधून तोंडावाटे काढायला, तेही स्वतःच्या भाषेत, साधारण 600 मिलिसेकंद लागतात. मग हे जमतं कसं? तर समोरचा बोलत असतानाच आपण त्याचं वाक्य कुठं संपणार याचा अंदाज घेतो आणि आपलं उत्तर तयार करायला लागतो. नव्या भाषेत नेमकं हेच जमत नाही, सगळं लक्ष ऐकण्यातच जातं, त्यामुळे तयारी वाक्य संपल्यावर सुरू होते. मधली शांतता एक सेकंदाच्या आसपास गेली की समोरच्याला वाटतं काहीतरी अडलंय, आणि तो मदत म्हणून भाषा बदलतो. त्याची चूक नाही त्यात.

म्हणून माझं मत असं की पाठ केलेलं लांबलचक स्वागत उलट नडतं. ‘नमस्कार, हेगिद्दीरि, नन्न हेसरु अमुक’ हे फाडफाड म्हटलं की समोरच्याला वाटतं हिला येतंय की, आणि पुढचं वाक्य तो पूर्ण स्पीडने टाकतो. त्यापेक्षा नमस्कार झाल्या झाल्या ‘स्वल्प निधानवागि हेळि’, जरा हळू बोला, हे सांगून टाकावं.

आता समजा निपाणीची एक मुलगी शिमोग्याच्या एका बाईंशी बोलतेय. बाई विचारतात, ‘ऊट आय्ता?’ जेवण झालं का. ही म्हणते, ‘हूं, आय्तु. निम्दु?’ झालं, तुमचं? हा ‘निम्दु’ फार कामाचा आहे, कारण नुसतं ‘आय्तु’ म्हणून थांबलं तर पुढचा विषय काढायचं ओझं परत बाईंवर, आणि त्या जे काढतील ते हिला कळेलच असं नाही. उलट प्रश्न परत टाकला की येणारं उत्तर जेवणाबद्दलच असणार हे हिला आधीच माहीत असतं, म्हणजे अंदाज बांधायला जागा मिळते.

बाई म्हणतात, ‘आय्तु, इवत्तु नम्मनेलि अक्कि रोट्टि माडिद्रु.’ झालं, आज आमच्या घरी तांदळाची रोट्टि केली होती. हिला फक्त ‘रोट्टि’ कळलं. इथं ‘कळलं नाही’ म्हटलं तर बाईंना कळणार नाही की नेमकं काय अडलंय, मग त्या अख्खं वाक्य परत म्हणतील किंवा सरळ इंग्लिशमध्ये सांगतील. त्याऐवजी जे कळलं ते धरून विचारायचं, ‘याव रोट्टि?’ कुठली रोट्टि. आता बाई एकच शब्द हळू म्हणतात, ‘अक्कि’, आणि तांदळाचा डबा दाखवतात. मग ही म्हणते, ‘नम्म कडे जोळद रोट्टि’, आमच्याकडे ज्वारीची भाकरी. ‘निम्म कडे माड्तारा?’ तुमच्याकडे करतात का. दोन-तीन मिनिटं सहज जातात यात, आणि सगळं एकाच विषयात असल्यामुळे तेच तेच शब्द परत येत राहतात.

असं परत विचारणं कमीपणाचं वाटतं बऱ्याच जणांना, पण 2015 मध्ये 12 भाषांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की मातृभाषेत बोलणारी माणसंसुद्धा साधारण दीड मिनिटातून एकदा ‘हां? कोण? कुठं?’ करत असतात.

उत्तर सुचत नसेल तेव्हा गप्प बसू नये, ‘अदु...’ म्हणून लांबवावं, त्यावरून समोरच्याला कळतं की उत्तर येतंय, थांबूया. पण तीन-चारदा लागोपाठ केलं की त्याचाही उपयोग संपतो, मग विषय बदललेला बरा.

एक गोष्ट मात्र आपल्या हातात नाही, नेट. आवाज जायला 150 आणि यायला 150 मिलिसेकंद लागले तर विचारणाऱ्याला आपली शांतता 300 ने जास्त ऐकू येते, आपण झटकन उत्तर दिलं तरी. कॉलच्या मराठीच्या अर्ध्या भागात, म्हणजे आपण आपल्याच भाषेत बोलत असतानाही, दोघं एकदम बोलताय आणि दोघं एकदम थांबताय असं होत असेल तर दोष कन्नडचा नाही, लाइनचा आहे. व्हिडिओ बंद करून नुसत्या आवाजावर बोलून बघा, कमी रेंजच्या गावात बऱ्याचदा फरक पडतो.