साक्षीदाराचा पहिला जबाब कामगाराच्या हाती कधी द्यायचा?

अंतर्गत चौकशी चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमचे बहुतेक ग्राहक पन्नास-साठ कामगारांचा कारखाना किंवा किनाऱ्याजवळचे हॉटेल चालवतात. कामगारावर चोरीचा, मारामारीचा आरोप आला की आरोपपत्र दिले जाते, चौकशी अधिकारी नेमला जातो, आणि मग आमच्या फोंड्याच्या कार्यालयात एक प्रश्न हमखास येतो: "त्याला आमची फाइल कशाला दाखवायची? तो आधीच तयारी करून येईल."

तयारी करून यावे यासाठीच ती दाखवायची असते. सगळी फाइल दाखवावी लागत नाही. पण ज्या कागदांवर आरोप उभा आहे ते, आणि साक्षीदाराने चौकशीपूर्वी काही लिहून दिले असेल तर ते, त्याची उलटतपासणी सुरू होण्याआधीच कामगाराकडे पोचले पाहिजे. यातला साक्षीदाराचा आधीचा जबाब सर्वांत जास्त वेळा अडवून ठेवला जातो आणि नंतर मालकाला तोच सर्वांत महाग पडतो. म्हणून या पत्रकात मुख्यतः त्याच्याविषयीच लिहिले आहे.

एक प्रकरण

समजा, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत विजेचे पॅनेल बनवणारा कारखाना आहे. दुसरी पाळी रात्री 11 वाजता सुटते. 12 मार्चच्या रात्री गेटवरच्या रखवालदाराला स्टोअरमधल्या एका हेल्परच्या स्कूटरच्या डिकीत तांब्याच्या पट्टीचे तुकडे सापडतात. रखवालदार त्याच रात्री हिंदीत अर्धे पान जबाब लिहून देतो. माल जप्त केल्याचा कागद होतो, त्यावर तिघांच्या सह्या होतात. सकाळी सुपरवायझर माल वजन करतो. 20 मार्चला आरोपपत्र निघते: 4 किलो 200 ग्रॅम तांबे चोरून नेण्याचा प्रयत्न.

चौकशीत रखवालदार साक्ष देतो: "पावणेअकराच्या सुमाराला मी त्याला स्टोअरच्या मागे डिकी उघडून काहीतरी ठेवताना पाहिलं. म्हणूनच गेटवर अडवलं."

आता हेल्परच्या हातात एकही कागद नाही असे धरा. चौकशी अधिकारी विचारतो, "उलटतपासणी घ्यायची आहे का?" हेल्पर म्हणतो, "हा खोटं बोलतोय." रखवालदार म्हणतो, "मी खरं तेच सांगतोय." उलटतपासणी दोन ओळींत संपते. रोजनाम्यात मात्र 'पूर्ण संधी दिली' असे लिहिले जाते आणि मालकाला वाटते की काम रीतसर झाले.

तीच बैठक कागद दिल्यावर कशी होते पाहा. हेल्परच्या बाजूने त्याचा सहकारी बसला आहे. त्याच्यासमोर रखवालदाराचा त्या रात्रीचा जबाब आणि गेट रजिस्टरचे त्या दिवसाचे पान आहे.

"10:40 ला ट्रक आत आल्याची ही नोंद तुमच्या अक्षरातली आहे का?" "हो." "चलन तपासून ट्रक आत सोडायला किती वेळ गेला?" "दहा-पंधरा मिनिटं." "तेवढा वेळ तुम्ही कुठे होता?" "गेटवरच." "गेटवरून स्टोअरची मागची बाजू दिसते का?" इथे रखवालदार थांबतो. मग म्हणतो, "नाही दिसत." "त्या रात्रीच्या जबाबात तुम्ही लिहिलंय की नेहमीची झडती घेताना माल सापडला. डिकीत ठेवताना पाहिलं, असं कुठे लिहिलंय?" "ते लिहायचं राहून गेलं."

यानंतर प्रश्न किल्लीवर जातो. पार्किंगला जागा अपुरी म्हणून दुसऱ्या पाळीत स्कूटरच्या किल्ल्या गेटवरच्या फळ्याला टांगलेल्या असतात, हे रखवालदार कबूल करतो. जप्तीच्या कागदावर वजन लिहिलेले नाही आणि रात्रभर माल कोणाच्या ताब्यात होता याची नोंद नाही, हे सुपरवायझरच्या उलटतपासणीत बाहेर येते.

यामुळे हेल्पर निर्दोष ठरला असे मुळीच नाही. माल त्याच्याच डिकीत सापडला, ही गोष्ट जागच्या जागी आहे. व्यवस्थापनाच्या प्रतिनिधीला फेरतपासणीची संधी असतेच. त्या रात्री या हेल्परची किल्ली फळ्यावर नव्हती, त्याच्या खिशातच होती, असे कोणी पाहिले असेल तर ते तेव्हा पुढे आणता येते. पण चौकशी अधिकाऱ्याला आता खऱ्या अर्थाने काहीतरी तोलून पाहायचे आहे. आणि हेल्पर दोषी ठरला तरी तो निष्कर्ष पुढे टिकेल, कारण विरुद्ध बाजूचे प्रश्न विचारून झालेले आहेत.

न्यायालयांनी काय ठरवले आहे

सर्वोच्च न्यायालयाने 1963 मध्ये केसोराम कॉटन मिल्सच्या प्रकरणात याच मुद्द्याला हात घातला. साक्षीदाराची साक्ष शक्यतो सुरुवातीपासून कामगाराच्या समोरच नोंदवावी. तसे न करता आधी घेतलेला जबाब चौकशीत वापरायचा असेल, तर त्याची प्रत चौकशी सुरू होण्याच्या किमान दोन दिवस आधी कामगाराला मिळाली पाहिजे. बैठकीत जबाब वाचून दाखवला आणि लगेच 'विचार काय विचारायचे ते' म्हटले, तर ती संधी नव्हे. ऐकलेला मजकूर रजिस्टरशी ताडून पाहायला वेळ लागतो, आणि आपला हेल्पर तर तो परक्या भाषेत ऐकत असतो.

त्याच वर्षी मीनग्लास टी इस्टेटच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले की ज्यांच्या म्हणण्यावर आरोप उभा आहे त्यांना चौकशीत आणून कामगाराला प्रश्न विचारू दिले पाहिजेत. म्हणजे रखवालदार आलाच नाही, तर त्याचा अर्ध्या पानाचा जबाब फाइलला लावून काम भागत नाही. कागदाची उलटतपासणी घेता येत नाही. पुढे, 2008 मध्ये, रूपसिंग नेगी प्रकरणात न्यायालयाने हेच कागदपत्रांबाबत म्हटले: कागद नुसता हजर केल्याने सिद्ध होत नाही, कोणीतरी साक्षीदार त्याबद्दल बोलला पाहिजे. म्हणून गेट रजिस्टर दाखल करताना ते लिहिणाऱ्यालाच बसवा.

आमच्या ग्राहकांना दिलासा देणारी बाजूही आहे. अंतर्गत चौकशीला पुराव्याचा कायदा काटेकोरपणे लागू होत नाही. शिवाय एखादा कागद दिला नाही म्हणून चौकशी आपोआप कोसळते असे नाही. 1996 च्या स्टेट बँक ऑफ पटियाला विरुद्ध एस. के. शर्मा या प्रकरणात जबाबांच्या प्रती दिल्या नव्हत्या, पण ते वाचून टिपणे काढण्याची मुभा साक्षी होण्याच्या काही दिवस आधी दिली होती. कर्मचाऱ्याच्या बचावाला त्यामुळे काही बाधा आली नाही, असे म्हणून न्यायालयाने कारवाई कायम ठेवली. न मिळालेल्या कागदामुळे आपले नेमके काय नुकसान झाले, हे कामगाराला दाखवावे लागते. आमच्या उदाहरणातला हेल्पर ते सहज दाखवू शकेल. त्याने वर्षभराची सगळ्यांची हजेरी किंवा दुसऱ्या कामगारांच्या वैयक्तिक फाइली मागितल्या असत्या, तर त्या नाकारता आल्या असत्या. मात्र नकार लेखी द्यावा आणि कारणही लिहावे.

प्रत्यक्षात कसे करावे

आरोपपत्रासोबतच साक्षीदारांची यादी आणि कागदांची यादी द्या, आणि शक्य असेल तर प्रतीही. पुढचे निम्मे भांडण तिथेच मिटते. प्रती दिल्यावर कामगाराची तारखेसह पोच घ्या. सही करायला तो तयार नसेल तर दोघांसमोर तसे लिहून ठेवा आणि त्याच प्रती स्पीड पोस्टाने घरी पाठवा. कॅमेऱ्याचे चित्रण आरोपाच्या पहिल्याच दिवशी वेगळे काढून ठेवा, कारण रेकॉर्डरची जागा भरली की जुने चित्रण आपोआप पुसले जाते. नंतर 'चित्रण नाही' असे सांगितले की ते मुद्दाम पुसले अशीच शंका घेतली जाते, आणि ती खोडून काढायला हातात काही उरत नाही.

बैठकीत आधी व्यवस्थापनाचे साक्षीदार. कामगारालाच पहिल्यांदा समोर बसवून प्रश्नांची सरबत्ती करण्याची सवय काही ठिकाणी अजून आहे, ती सोडा. आरोप तुमचा आहे, तो तुम्ही आधी मांडायचा. सरतपासणी झाल्यावर कामगाराने वेळ मागितला तर एक तारीख द्यावी, असे आम्ही चौकशी अधिकाऱ्यांना नेहमी सांगतो. एक तारीख दिल्याने काही बिघडत नाही. तो प्रत्येक वेळी तारीखच मागत राहिला, तर प्रत्येक मागणी आणि तिचे उत्तर रोजनाम्यात लिहून पुढे जाता येते. उलटतपासणी घ्यायची नाही असे तो म्हणाला, तर त्याचेच शब्द लिहून खाली त्याची सही घ्या.

गोव्यात भाषेचा प्रश्न वेगळाच उभा राहतो. हेल्पर कोकणी बोलतो, रखवालदार हिंदी, आणि टंकलेखन होते इंग्रजीत. मग 'झडतीत सापडलं' आणि 'ठेवताना पाहिलं' यातला फरक भाषांतरात विरघळून जातो, आणि आमच्या प्रकरणात सगळे त्याच फरकावर अवलंबून आहे. रोजनामा कामगाराला समजणाऱ्या भाषेत, मराठीत किंवा कोकणीत, लिहा. ते जमत नसेल तर प्रत्येक उत्तर त्याच्या भाषेत वाचून दाखवा आणि वाचून दाखवल्याची नोंद करा. साक्षीदाराचे कळीचे शब्द तो बोलला त्याच भाषेत जसेच्या तसे उतरवून घ्या.

हे चुकले तर

कामगार बडतर्फीविरुद्ध आधी कामगार आयुक्तांकडे आणि समेट झाला नाही तर न्यायाधिकरणापुढे जातो. तिथे चौकशी न्याय्य नव्हती असे ठरले, तरी मालकाला आरोप नव्याने सिद्ध करण्याची संधी मिळू शकते. पण ती संधी सुरुवातीलाच, आपल्या लेखी म्हणण्यात मागून ठेवावी लागते. आणि ती मिळाली तरी तोवर वर्षे गेलेली असतात. कंत्राटदाराकडून आलेला रखवालदार कधीच गावी गेलेला असतो, सुपरवायझरने नोकरी बदललेली असते. दोन दिवस आधी एक झेरॉक्स दिली असती तर टिकले असते असे प्रकरण साक्षीदार नाही म्हणून हरताना आम्ही पाहिले आहे. कामगाराची बाजूही तितकीच वाईट असते. तो खरोखर निर्दोष असेल, तर तेवढी वर्षे चोर म्हणून काढतो.

चौकशी संपल्यावर आणखी एक कागद द्यायचा राहतो. चौकशी अधिकारी आणि शिक्षा देणारा अधिकारी वेगळे असतील, तर शिक्षा ठरवण्यापूर्वी चौकशी अहवालाची प्रत कामगाराला देऊन त्यावर त्याचे म्हणणे मागवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये करुणाकर प्रकरणात हे सांगितले, आणि ते खासगी आस्थापनांनाही लागू आहे. अहवाल आणि बडतर्फीचे पत्र एकाच लिफाफ्यात पाठवू नका. अहवाल आधी पाठवा, उत्तरासाठी मुदत द्या, आलेले उत्तर वाचा, आणि शिक्षेच्या आदेशात त्या उत्तरातल्या मुद्द्यांचा उल्लेख करा.