गोल दिवा दिसला म्हणजे बुलेटच का?

"फोटोत गोल हेडलाइट आणि थेंबासारखी फुगीर टाकी दिसली, की ती बुलेटच."

हा समज साहजिक आहे, कारण आज रस्त्यावर या रूपाच्या गाड्यांत बुलेटच जास्त दिसते. पण एकेकाळी जावा, येझदी आणि राजदूतचे दिवेही गोलच होते. त्यामुळे दिवा आणि टाकी पाहून गाडीचा वर्ग तेवढा कळतो: जुन्या धाटणीची, ताठ बसून चालवायची. घराणं ठरवायला नजर टाकीखाली न्यावी लागते.

समजा, घरच्या जुन्या फोटोत मरून रंगाची गाडी आहे. आधी इंजिन बघा. जुन्या बुलेटचं सिलिंडर उंच आणि उभं असतं. फ्रेमची एकच नळी समोरून खाली येऊन इंजिनाला मिळते आणि इंजिनाखाली फ्रेम नसते. जुन्या जावा-येझदीचं इंजिन बाहेरून अंड्यासारखं गुळगुळीत असतं. सिलिंडर एकच, तरी दोन्ही बाजूंना एकेक सायलेन्सर. फोटो डाव्या बाजूचा असेल तर किक शोधा. जावात किक आणि गिअरचा दांडा एकच, तोही डावीकडे. मात्र फोटो उलटा छापलेला नाही ना, हे नंबरप्लेटवरून पाहून घ्या.

दिव्याच्या वर दोन बाजूंना दोन चिमुकले दिवे असतील, तर बुलेटकडे पारडं झुकतं. फक्त तेवढ्यावर विसंबू नका, कारण दिवे आणि टाक्या गॅरेजात सर्रास बदलल्या जातात. फ्रेम बदलण्याच्या भानगडीत सहसा कुणी पडत नाही.

नेमकं वर्ष मात्र एका फोटोवरून सांगता येत नाही.