मुलांना वर्ज्य असलेली ॲस्पिरिन डॉक्टर कधी लिहून देतात

पावसाळा संपत आला की नाशिकमधल्या बालरोग दवाखान्यांत तापाच्या मुलांची रांग लागते. व्हायरल, डेंगी, टायफॉइड यांत बहुतेक तापांचा हिशेब लागतो. कधीतरी एखादं मूल असं येतं की पाच-सहा दिवस १०२-१०३ ताप आहे, पॅरासिटामॉलने तासभर उतरतो आणि पुन्हा चढतो, अँटिबायोटिकचाही उपयोग नाही. अशा मुलात एक आजार आठवणीने शोधावा लागतो: कावासाकी. जपानचे बालरोगतज्ज्ञ तोमिसाकु कावासाकी यांनी १९६७ साली अशा ५० मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं. यात शरीरभरच्या मध्यम आकाराच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती सुजतात, आणि खरी भीती असते ती हृदयाला रक्त पुरवणाऱ्या करोनरी धमन्यांची.

समजा, पिंपळगाव बसवंतची चौदा महिन्यांची मुलगी आहे, वजन बरोबर १० किलो. तापाचा सहावा दिवस. दोन्ही डोळे लाल, पण चिपडं नाहीत. ओठ लालभडक आणि फुटलेले, जीभ स्ट्रॉबेरीसारखी दाणेदार. अंगावर पुरळ, तळहात-तळपाय सुजलेले. मानेत एका बाजूला दीड सेंटिमीटरहून मोठी गाठ हे पाचवं लक्षण. ते हिच्यात नाही. पाच दिवसांचा ताप आणि पाचांपैकी चार लक्षणं एवढ्यावर निदान होतं, कारण या आजाराची एकच अशी ठाम रक्ततपासणी नाही. लक्षणं एकाच वेळी दिसतीलच असंही नाही. पुरळ परवाच येऊन गेलेलं असतं, म्हणून आईला विचारावं लागतं आणि मोबाइलमधले फोटो बघावे लागतात. आपल्याकडे आणखी एक खूण उपयोगी पडते: दंडावरचा बीसीजीचा जुना व्रण अचानक लाल होऊन फुगतो. डेंगीत प्लेटलेट घसरतात. इथे सुरुवातीला त्या ठीक असतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वाढतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांत लक्षणं अपुरी असतात आणि धोका मात्र सर्वांत जास्त, म्हणून तिथे चार खुणांची वाट पाहत बसणं महागात पडतं.

मुख्य औषध आहे इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून वेगळ्या केलेल्या अँटिबॉडी. मात्रा वजनावर ठरते: किलोला २ ग्रॅम, एकदाच, शिरेतून. आपल्या मुलीला २० ग्रॅम लागतील. ५ टक्क्यांच्या द्रावणाच्या १०० मिलिलिटरच्या बाटलीत ५ ग्रॅम असतात, म्हणजे चार बाटल्या, ४०० मिलिलिटर. औषध महाग आहे, त्यामुळे ‘आज दोन देऊ, मग बघू’ असा विचार घरच्यांच्या मनात येणं समजू शकतं. पण अर्ध्या मात्रेला पूर्ण मात्रेचं संरक्षण नाही. उपचार न मिळालेल्या सुमारे २५ टक्के मुलांच्या करोनरी धमन्यांवर फुगवटे येतात. तापाच्या पहिल्या दहा दिवसांत पूर्ण मात्रा मिळाली तर हे प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास येतं. फुगवट्यात रक्ताची गुठळी झाली, तर लहानग्यालाही हार्ट अटॅक येऊ शकतो. म्हणून दहा दिवसांची ही मुदत घरच्यांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगायला हवी.

बाटली हलवायची नाही, फेस होतो. पहिला अर्धा तास वेग तासाला ५ मिलिलिटर इतका कमी ठेवतात आणि नाडी, रक्तदाब, ताप पाहत टप्प्याटप्प्याने वाढवतात. सगळं औषध जायला दहा ते बारा तास लागतात. थंडी वाजली किंवा पुरळ उठलं तर ते बहुधा वेगामुळे असतं. वेग कमी करून किंवा थोडं थांबवून पुन्हा सुरू करतात. सोमवारी रात्री आठला सुरू केलेलं औषध मंगळवारी सकाळी सातला संपलं, तर त्यापुढचे ३६ तास बुधवारी संध्याकाळी सातला पूर्ण होतात. त्याआधीच्या तापावरून औषध फसलं असं म्हणत नाहीत. त्यानंतरही ताप राहिला किंवा परत आला तर मात्र पहिला डोस पुरला नाही असं धरतात. दर दहांत एक-दोन मुलांचं असं होतं. मग दुसरा डोस, स्टिरॉइड किंवा इन्फ्लिक्सिमॅब असे पर्याय असतात. या काळात ईएसआर ही दाह दाखवणारी रक्ततपासणी पुन्हा पुन्हा करून उपयोग नाही, कारण इम्युनोग्लोब्युलिननेच ईएसआर वाढतो. पाहायचा तो रक्तातलाच दाहाचा दुसरा निर्देशक, सीआरपी. ए, बी किंवा एबी रक्तगटाच्या मुलांत औषधातल्या काही अँटिबॉडी तांबड्या पेशी फोडू शकतात, म्हणून घरी गेल्यावर मूल फिकट दिसलं किंवा लघवी गडद झाली तर लगेच दाखवावं.

आता ॲस्पिरिन. फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलाला ॲस्पिरिन दिल्यास क्वचित रे सिंड्रोम होतो. त्यात यकृत बिघडतं, मेंदूला सूज येते आणि जीवही जाऊ शकतो. म्हणून मुलांच्या तापाला ॲस्पिरिन बंद झाली, आणि ते योग्यच झालं. कावासाकी हा मोजक्या अपवादांपैकी एक. सुरुवातीला ती दाह आणि तापासाठी दिवसाला किलोमागे ३० ते ५० मिलिग्रॅम देतात. काही ठिकाणी ८० ते १००. आपल्या मुलीला दिवसाला ४०० मिलिग्रॅम ठरवली, तर १०० चे चार डोस. ताप जाऊन ४८ ते ७२ तास झाले की मात्रा एकदम खाली, किलोमागे ३ ते ५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा: ७५ ची अर्धी गोळी, म्हणजे ३७.५ मिलिग्रॅम. ॲस्पिरिन फुगवटे टाळत नाही, ते काम इम्युनोग्लोब्युलिनचं. ही छोटी मात्रा प्लेटलेटना एकमेकींना चिकटू देत नाही, आणि प्लेटलेट वाढलेल्या असतात त्या आठवड्यांत हेच हवं असतं. गोळी पाण्यात विरघळणारी मागावी. वरून लेप असलेली गोळी मोडली की लेपाचा उपयोग राहत नाही.

घरी सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे तापाला आयबुप्रोफेन देणं. ते प्लेटलेटवरची ॲस्पिरिनची जागाच अडवतं, मग ॲस्पिरिन दिली तरी फारसा फायदा नाही. ताप आल्यास पॅरासिटामॉल द्यावं आणि डॉक्टरांना कळवावं, कारण तो आजार उलटल्याचा ताप असू शकतो. घरात किंवा शेजारी कोणाला फ्लू वा कांजिण्या झाल्या, तर त्याच दिवशी फोन करावा. ॲस्पिरिन स्वतःहून बंद करू नये. डॉक्टर ती थांबवून गरजेप्रमाणे दुसरं औषध देतात. सतत उलट्या, विलक्षण गुंगी किंवा असंबद्ध वागणं दिसलं तर फोनवर वेळ न घालवता थेट हॉस्पिटल गाठावं.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बोटांच्या टोकांची, नखांभोवतीची कातडी सोलते. घरचे घाबरतात, पण त्यासाठी वेगळं औषध लागत नाही. टू-डी इको मात्र चुकवू नये: निदानाच्या वेळी, एक-दोन आठवड्यांनी आणि चार ते सहा आठवड्यांनी. पहिला इको नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होता येत नाही, फुगवटा नंतरही दिसू शकतो. सगळे इको ठीक असतील तर सहा ते आठ आठवड्यांनी ॲस्पिरिन बंद होते. फुगवटा असेल तर सुरू राहते.

सोळा महिन्यांना लागणारा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस या मुलीला वेळेवर द्यायचा नाही. दात्यांच्या अँटिबॉडी लसीतल्या जिवंत विषाणूला निकामी करतात, म्हणून ही लस आणि कांजिण्यांची लस इम्युनोग्लोब्युलिननंतर ११ महिने पुढे जातात. गावात गोवराची साथ असेल तर गोवराची लस आधी देऊन नंतर पुन्हा देतात. फ्लूचं इंजेक्शन मात्र थांबवायचं नाही. ॲस्पिरिन चालू असलेल्या मुलाला ते हवंच. इम्युनोग्लोब्युलिन दिल्याची तारीख लसीकरणाच्या कार्डावर डिस्चार्जच्या दिवशीच लिहून घ्यावी, म्हणजे आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना ती दिसेल.